गल्ला रोज जुळतो, तरी पैसा जातो कुठे?

प्रश्न: नवी पेठेत चादर-टॉवेलचं दुकान आहे, किरकोळ आणि थोडं होलसेल. काउंटरवर दोन मुलं, बिलिंग आणि हिशोबाला वडिलांच्या काळातले दिवाणजी, बाहेरगावच्या वसुलीला एक माणूस. रोज रात्री गल्ला पैशापैशाने जुळतो, पण मार्चमध्ये माल कमी भरला आणि बँकेत पैसा दिसत नाही. बाहेरगावचे दोन व्यापारी म्हणतात पैसे दिले, आमच्याकडे मात्र बाकी दिसते. उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही. माणसं वाढवणं परवडत नाही. काय करता येईल?

उत्तर:

गल्ला रोज जुळतो, तोही पैशापैशाने, हे वाचून मी तिथेच थांबलो. चालत्या दुकानात सुट्ट्यांची देवघेव होते, गिऱ्हाईक दोन रुपये सोडून देतं, कधी घाईत दहाची नोट जास्त जाते. त्यामुळे दहा-वीस रुपये कधी कमी, कधी जास्त व्हायलाच हवेत. महिनोन्‌महिने एकदाही फरक येत नसेल, तर कुणीतरी आधी कॉम्प्युटरवरचा आकडा बघतं आणि मग रक्कम त्याला जुळवून घेतं. यात चोरी असेलच असं नाही. ओरडा बसू नये म्हणून मुलंसुद्धा जास्तीचे पैसे डब्यात ठेवतात आणि कमी पडले की त्यातूनच भरतात. पण तुमची रोजची मोजणी काहीच तपासत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशोब बघतो, त्यात कापडाची दुकानं बरीच. तुम्ही लिहिलंय तसं चित्र दिसलं की मी आधी एक विचारतो: गल्ला तुम्ही कशाशी जुळवता? उत्तर ठरलेलं असतं, कॉम्प्युटरवरच्या रोख विक्रीशी. मग तो आकडा कोण बदलू शकतं? जो बिल करतो तोच. आणि गल्ला कोणाच्या ताब्यात? त्याच्याच. म्हणजे पैसाही त्याच्या हातात आणि पैशाचा पुरावाही त्याच्याच हातात. अशा ठिकाणी गल्ला जुळला काय आणि न जुळला काय, त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही. खाली जे सांगतोय त्या सगळ्यामागे हेच आहे: पैसा ज्याच्या हातात, त्याला बदलता येणार नाही अशा नोंदीशी तो पैसा ताडून बघायचा.

तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर कोणतं, तुम्ही दिवसातून किती वेळ दुकानात असता, उधारीची खाती किती, हे मला माहीत नाही. त्यानुसार तपशील बदलतील. तुमच्या लिहिण्यावरून मी एवढं धरून चालतो, की तुम्ही सकाळी आणि रात्री दुकानात असता आणि मधला बराच वेळ दिवाणजींवर सोडलेला असतो.

एक दिवस आकड्यांनिशी बघू, म्हणजे भोक कुठे असतं ते दिसेल. समजा सकाळी गल्ल्यात सुट्टे म्हणून २,००० रुपये ठेवले. दिवसभरात १८४१ ते १९०३ नंबरची ६३ बिलं झाली, एकूण विक्री ४८,६५० रुपये. त्यातले २९,३०० यूपीआयने आले, ६,००० उधारीवर गेले, राहिले रोख १३,३५०. हमाली आणि चहापाण्याला ४५० रुपये गल्ल्यातून दिले. म्हणजे रात्री गल्ल्यात २,००० अधिक १३,३५० वजा ४५०, असे १४,९०० रुपये हवेत.

आता दुपारी अक्कलकोटहून आलेल्या गिऱ्हाइकाने चादरींचे १,१८० रुपये रोख दिले, छापील बिल घेतलं आणि ते गेलं. ते काही परत येत नाही. संध्याकाळी बिल करणाऱ्याने ते बिल कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. लगेच रोख विक्री १२,१७० दाखवायला लागली आणि गल्ल्यात १३,७२० असले की झालं. १,१८० खिशात जातात आणि गल्ला चोख जुळतो. मालाच्या हिशोबात त्या चादरी अजून शिल्लक दिसतात, कारण बिलच नाही. मार्चमध्ये मोजणी झाली की त्या कमी भरतात. तुमच्याकडे दिसणाऱ्या दोन्ही गोष्टी, जुळणारा गल्ला आणि कमी भरणारा माल, एकत्र दिसायला एवढं पुरतं.

हेच काम बिल न पुसताही होतं. त्या रोख बिलाचा पेमेंटचा प्रकार बदलून यूपीआय केला, की कॉम्प्युटरवर यूपीआय ३०,४८० दिसतं आणि रोख तेवढीच कमी होते. माल बरोबर, विक्री बरोबर, गल्ला बरोबर. चुकतं फक्त बँकेत, तिथे २९,३०० च आलेले असतात. रोज कुणी ते ताडून बघत नसेल, तर हा फरक वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. ‘माल पुरा भरतो पण बँकेत पैसा दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर मी आधी इथे बघतो. तुमच्याकडे दोन्ही तक्रारी आहेत, म्हणून दोन्ही जागा तपासा.

आता उपाय. पहिला उपाय मोजणीचा क्रम उलटा करणं. रात्री कॉम्प्युटरचा आकडा बघायच्या आधी गल्ला मोजायचा. काउंटरवरच्या एका मुलाने मोजायचा, दुसऱ्याने किंवा दिवाणजींनी समोर बसून बघायचा, आणि त्या वेळी स्क्रीन बंद. एका छापील कागदावर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, अशा नोटा लिहायच्या, खाली चिल्लर, बेरीज आणि दोघांच्या सह्या. त्याचा फोटो तुमच्या मोबाइलवर आला की मग तुम्ही दिवसाचा रिपोर्ट उघडायचा. फरक आला तर तो खिशातून भरून घ्यायचा नाही. ‘गल्ला कमी-जास्त’ असं खातं उघडून त्यात टाकायचा. पहिल्या महिन्यात पन्नास रुपयांच्या आतल्या फरकावर कुणाला अवाक्षर बोलू नका. फरक लपवायची सवय गेली की महिन्याभरात तुमच्या दुकानाचा नेहमीचा फरक किती असतो ते कळतं, आणि त्यापेक्षा मोठा फरक आपोआप डोळ्यात भरतो.

पण नुसती मोजणी पुसलेलं बिल पकडत नाही, कारण पुसणारा मोजणीच्या आधीच पुसतो. त्याला दुसरा उपाय लागतो, आणि त्याला एक रुपयाही खर्च नाही. दिवसातून एकदा, रोज वेगळ्या वेळी, तुमच्या मोबाइलवरून किंवा दुकानात फेरी मारताना शेवटच्या बिलाचा नंबर आणि तोपर्यंतची विक्री बघा आणि आपल्या वहीत लिहून ठेवा. समजा दुपारी चारला शेवटचं बिल १८७७ आणि तोवरची विक्री ३१,२०० आहे. रात्री पुन्हा १८४१ ते १८७७ एवढ्याच बिलांची बेरीज काढा. ती ३१,२०० च यायला हवी. ३०,०२० आली, तर मधल्या वेळात १,१८० रुपयांचं काहीतरी बदललंय. मग शोध ६३ बिलांत नाही, ३७ बिलांत घ्यायचा असतो. त्याला खरं कारणही असू शकतं, गिऱ्हाइकाने माल बदलून नेला असेल किंवा चुकीचा भाव दुरुस्त केला असेल. पण मग त्याचा कागद समोर यायला हवा.

याच्या जोडीला बिलं रद्द करण्याची शिस्त लावा. झालेलं बिल पुसायचं नाही, रद्द करायचं, म्हणजे त्याचा नंबर जागेवर राहतो. रद्द करायला गिऱ्हाइकाकडची मूळ प्रत परत हवी, तिच्यावर कारण आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर लिहिलेला हवा, आणि रद्द करण्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचे नंबर आर्थिक वर्षात सलग असावेच लागतात, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तक्ता १३ मध्ये कुठून कुठपर्यंत बिलं काढली आणि त्यातली किती रद्द केली हे भरायचं असतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याकडून तो तक्ता मागून घ्या आणि रद्द बिलांचा आकडा तुमच्या फाइलमधल्या रद्द प्रतींशी मोजून बघा. प्रती अकरा आणि तक्त्यात सतरा, तर उरलेली सहा बिलं कोणती हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सॉफ्टवेअरबद्दल एक प्रयोग आजच करा. सकाळी दुकान उघडायच्या आधी एक रुपयाचं खोटं बिल करा, ते पुसा, मग दुसरं करा. दुसऱ्यालाही तोच नंबर मिळाला, तर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पुसलेल्या बिलाचा मागमूस राहत नाही, आणि नुसते नंबर सलग दिसतात म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. प्रयोग झाल्यावर राहिलेलं खोटं बिल पुसू नका, ते रद्द करून फाइलला लावा. टॅलीप्राइम वापरत असाल तर त्यात एडिट लॉगची सोय आहे, कोणी, कधी, कोणती नोंद बदलली हे त्यात राहतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तुमचं दुकान कंपनी नसेल तर ती सक्ती नाही, पण सोय हाताशी असताना बंद ठेवू नका. प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, आणि मागच्या तारखेला नोंद करण्याची मुभा दिवाणजींच्या लॉगिनला ठेवू नका. सगळे एकाच पासवर्डने काम करत असतील, तर लॉगमध्ये सगळीकडे एकच नाव दिसेल आणि त्याचा काहीही उपयोग होणार नाही.

तिसरा मेळ यूपीआयचा. रात्री रिपोर्टमधली यूपीआयची विक्री आणि ज्या ॲपमधून पैसे येतात त्या ॲपमधली त्या दिवसाची जमा, दोन आकडे शेजारी लिहायचे. ॲपमधला आकडा तुमच्या मोबाइलवर बघा, दुकानातल्या कुणी सांगितलेला घेऊ नका. काही सेवांमध्ये बँकेत रक्कम दुसऱ्या दिवशी जाते, म्हणून बँकेच्या पासबुकाशी रोज ताडायला गेलात तर घोळ होईल. ॲपमधल्या व्यवहारांशी रोज आणि बँकेशी आठवड्यातून एकदा, असं ठेवा. काउंटरवरचा क्यूआर कोड स्वतः महिन्यातून दोन-तीनदा स्कॅन करा आणि पैसे घेणाऱ्याचं नाव दुकानाचंच येतंय ना ते बघा. खऱ्या कोडवर दुसरा स्टिकर चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत पैसे आल्याचा आवाज कुणी नीट ऐकत नाही, तेव्हा तर रोज बघा.

आता बिलच न करता विकलेला माल. याला वरचा एकही उपाय लागू पडत नाही, कारण पुसायला बिलच नसतं. नॅपकिन, हातरुमाल अशा किरकोळ विक्रीत हे जास्त होतं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीचं वेगळं बिल, त्याने मागितलं नाही तर, द्यायची सक्ती नाही, दिवसाअखेर एकत्र बिल केलं तरी चालतं. कायद्याने चालतं, पण तुमच्या दुकानात चालवू नका. एकत्र बिलाचा आकडा ज्याने त्याने आठवून घातलेला असतो, आणि तिथेच गळती होते. प्रत्येक विक्रीचं बिल झालंच पाहिजे, आणि ‘बिल मिळालं नाही तर मालकांना या नंबरवर कळवा’ अशी पाटी गिऱ्हाइकाला दिसेल तिथे लावा.

यावर खरी तपासणी मालाची. वर्षातून एकदा सगळा माल मोजण्यात चूक सापडते, पण कारण सापडत नाही, कारण बारा महिने उलटून गेलेले असतात. त्यापेक्षा सहज खपणारे, बाहेर पटकन पैसे देणारे पाच नग निवडा आणि दर आठवड्याला एकच नग मोजा. डबल जॅकार्ड चादर घ्या. मागच्या मोजणीला ८४ होत्या, २० आल्या, बिलांप्रमाणे १७ गेल्या, १ परत आली, म्हणजे ८८ हव्यात. मोजल्या तर ८६. आता हा फरक ताजा आहे, कोणत्या दिवसांतला आहे हे माहीत आहे, आणि बिलं हाताशी आहेत.

मात्र लगेच चोरीवर जाऊ नका. मी आधी शेजारचा नग मोजायला सांगतो. डबल चादर दोन कमी आणि सिंगल चादर दोन जास्त, असं निघालं तर बिल करताना चुकीचा कोड निवडला जातोय. आपल्याकडे हे फार होतं, कारण नगांची नावं सारखी असतात आणि डिझाइनचे नंबर दिवाणजींच्या डोक्यात असतात. मग आवक बघायची. कारखान्याहून आलेली गाठ सोडून नग मोजून घेतले होते, की चलनावर लिहिलेला आकडा तसाच नोंदवला? गाठीतच दोन कमी आल्या असतील, तर तुमची माणसं निर्दोष आहेत. हे सगळं बघून झाल्यावरही तोच नग, त्याच माणसाच्या पाळीत, दर खेपेला कमी येत असेल, तेव्हा तो संशय दखल घेण्यासारखा. आणि माल परत आल्याच्या नोंदीकडेही लक्ष द्या. माल न येता परतीची नोंद करून गल्ल्यातून रोख काढणं सोपं असतं. परत आलेला माल त्याच्या बिलासह वेगळ्या फळीवर ठेवा, तुम्ही बघितल्यावरच तो पुन्हा विक्रीला जाऊ दे.

आता तुमच्या त्या दोन व्यापाऱ्यांकडे येतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर भाग मला हा वाटला, कारण इथे तिसरा माणूस स्वतःहून बोलतोय. वसुलीत नेहमी चालतं ते याची टोपी त्याला. समजा ५ तारखेला बार्शीच्या व्यापाऱ्याने २०,००० रोख दिले, ते वसुली करणाऱ्याने वापरले. १२ तारखेला अक्कलकोटच्या व्यापाऱ्याचे २०,००० मिळाले, ते बार्शीच्या खात्यावर जमा केले. २१ तारखेला मोहोळचे आले, ते अक्कलकोटच्या नावावर टाकले. प्रत्येकाचं खातं कधी ना कधी साफ होतं, फक्त उशिरा. म्हणून कुणी तक्रार करत नाही. भोक मात्र तसंच राहतं आणि रोज नव्या खात्यावर सरकतं. ते सांभाळायला त्या माणसाला रोज कामावर यावंच लागतं. सुट्टी न घेणारा, आजारी असतानाही वसुलीची बॅग दुसऱ्याकडे न देणारा माणूस प्रामाणिकही असू शकतो, पण वर्षातून सलग आठ दिवस त्याची वसुली दुसऱ्याने केलीच पाहिजे, असा नियम सगळ्यांसाठी करा. टोपी फिरवली जात असेल तर त्या आठ दिवसांत कुठल्या तरी व्यापाऱ्याचा फोन येतो.

हे ओळखायची खूण तारखांत असते. पावतीवरची तारीख, तुमच्या रोजकिर्दीतली जमेची तारीख आणि बँकेतल्या भरण्याची तारीख, या तीन शेजारी मांडा. एक-दोन दिवसांचं अंतर बाहेरगावच्या वसुलीत समजण्यासारखं आहे. सातत्याने सहा-आठ दिवस दिसले तर विचारायला हवं. दुसरी खूण म्हणजे रकमा. व्यापाऱ्याने ११,४६० चं बिल चुकतं केलं असं म्हणायचं आणि खात्यावर १०,००० आणि चार दिवसांनी १,४६० जमा, म्हणजे ती रक्कम कुठून तरी जुळवून आणली असण्याची शक्यता आहे. तिसरी खूण वटाव-कसर खात्यात. पाचशे-हजार रुपये कसर म्हणून सोडून खाती बंद केलेली दिसली, तर तो वटाव खरंच दिला होता का, हे व्यापाऱ्याला विचारा. वसुली करणाऱ्याला वटाव द्यायचा अधिकार ठेवायचाच नाही, त्यासाठी तुमचा फोन हवा.

पुढे हे होऊ नये म्हणून पावतीपुस्तकं छापील नंबरची, कार्बन प्रतीची, आणि तुमच्या कपाटातली. एक पुस्तक संपलं की त्याची स्थळप्रत परत आल्यावरच दुसरं द्यायचं, फाटलेली पावतीसुद्धा पुस्तकाला लावलेली हवी. वसुलीहून आलेला माणूस पैसे आणि पुस्तक तुमच्याकडे देईल, खात्यावर जमा दिवाणजी करतील. वसुली करणाऱ्याने खातेवहीला हात लावायचा नाही आणि दिवाणजींनी वसुलीची रोख घ्यायची नाही. तुमच्याकडे एवढी माणसं आहेतच, कामं फक्त वेगळी वाटायची आहेत. शक्य तिथे व्यापाऱ्यांना थेट दुकानाच्या बँक खात्यावर पैसे पाठवायला सांगा.

आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक उधारीच्या खात्याचा उतारा तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सॲपने पाठवा: ‘अमुक तारखेअखेर आपल्याकडे इतकी बाकी आहे, फरक असल्यास मला कळवा.’ दिवाणजींच्या किंवा वसुलीच्या माणसाच्या फोनवरून पाठवला तर त्याचा काही उपयोग नाही, उत्तर त्यांच्याकडेच जाईल. व्यापाऱ्यांचे नंबर तुम्ही स्वतः एकदा फोन लावून खात्री केलेले असावेत. एवढी एक गोष्ट नेमाने केली तर टोपी फिरवणं दोन महिन्यांवर टिकत नाही, कारण ज्याची पैसे देऊनही बाकी दिसते तो लगेच बोलतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. नोंदणी असलेल्या पुरवठादाराची बिलं दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या उताऱ्यात दिसतात का ते ताडा. जे बिल फाइलमध्ये आहे पण तिथे नाही, त्याच्या पुरवठादाराला तुम्ही फोन लावा. त्याने रिटर्न उशिरा भरलं असेल, किंवा बिलच खोटं असेल. विणकामाच्या मजुरीचे आणि छोट्या कारखान्यांचे, नोंदणी नसलेल्यांचे व्यवहार तिथे दिसणार नाहीत, त्यासाठी माल आल्याची सही आणि पैसे मिळाल्याची सही वेगवेगळ्या माणसांसमोर व्हायला हवी. बँकेतून पैसे पाठवायला नवीन खातं जोडणं फक्त तुमच्या हातात ठेवा. ‘आमचा बँक खाते नंबर बदललाय’ असा मेसेज आला तर मेसेजमधल्या नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा.

आता मालकांच्या बाजूचं एक सांगतो, आणि ते तुम्ही मनावर घ्यावं असं मला वाटतं. मी बघितलेल्या कित्येक दुकानांत गल्ल्याची शिस्त आधी मालकाच्या घरातून मोडते. भाजीला पाचशे काढले, मुलाच्या फीला दोन हजार नेले, पाहुणे आले म्हणून हजार घेतले, आणि चिठ्ठी कुठेच नाही. मग दिवाणजी ते सांभाळायला बिलात फिरवाफिरवी करायला शिकतात, आणि पुढे त्यातला कोणता फरक घराचा आणि कोणता त्यांचा, हे त्यांनाही वेगळं सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. घरातल्या प्रत्येकाने घेतलेल्या रकमेची उचल म्हणून चिठ्ठी, सहीसकट, त्याच क्षणी गल्ल्यात पडली पाहिजे. शक्य असेल तर घरखर्चाला महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतूनच घ्या. हे जमलं नाही तर वरचं बाकी काही करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक फरकाला ‘घरी नेले असतील’ हे उत्तर तयार राहील.

या उपायांची मर्यादाही लक्षात घ्या. बिल करणारा आणि काउंटरवरचा मुलगा मिळालेले असतील, तर मोजणीवरच्या दोन सह्यांना किंमत राहत नाही. तिथे मालाची मोजणी आणि व्यापाऱ्यांना पाठवलेले उतारे एवढंच उरतं, कारण ते दोन्ही त्यांच्या हाताबाहेर असतात. म्हणून नग मोजताना ते काम त्यांच्यापैकी कुणाला देऊ नका, घरातलं कुणी करा.

सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका, कुणालाच पेलणार नाही आणि दुकानात विनाकारण ताण येईल. पहिल्या आठवड्यात फक्त मोजणीचा नवा क्रम आणि घरच्या उचलीच्या चिठ्ठ्या. दुसऱ्या आठवड्यात दुपारचा बिल नंबर आणि यूपीआयचा मेळ. महिनाअखेर नगमोजणी आणि उतारे. माणसांना सांगताना ‘चोरी होतेय’ असं म्हणू नका, ‘सीएंनी हिशोबाची पद्धत बदलायला सांगितलीय’ असं सांगा. वडिलांच्या काळातल्या दिवाणजींना तर आधी एकट्याला बसवून सांगा, की काही कमी-जास्त निघालं तर ही नोंदच तुमच्या बाजूने उभी राहील. प्रामाणिक माणसाला ते पटतं.

त्या दोन व्यापाऱ्यांचं मात्र थांबवू नका. दोघांकडे स्वतः जा, वसुलीच्या माणसाला बरोबर नेऊ नका. त्यांच्याकडच्या पावत्यांचे फोटो घ्या, पावती नसेल तर त्यांच्या वहीतली नोंद आणि तारीख उतरवून घ्या, आणि आपल्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींशी लावून बघा. पावतीचा नंबर तुमच्या कोणत्याच पुस्तकात सापडला नाही, तर बाहेरून छापलेलं पुस्तक वापरात आहे. नंबर सापडला पण स्थळप्रतीवर रक्कम वेगळी, तर कार्बन काढून लिहिलंय. दोन्ही बाबतीत मूळ पावत्या व्यापाऱ्यांकडेच सांभाळून ठेवायला सांगा आणि बिलिंगच्या डेटाचा त्या दिवसाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन घरी ठेवा. त्या माणसाकडून कोऱ्या कागदावर सही घेणं, पगार परस्पर कापणं, दुकानात कोंडून कबुली घेणं, यातलं काहीही करू नका, पुढे तेच तुमच्यावर उलटतं. रक्कम मोठी असेल आणि तो समोर बसून हिशोब द्यायला तयार नसेल, तर नोकराने केलेल्या अपहारासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१६(४) आहे. पण पोलिसांकडे जायच्या आधी वकिलांना हे कागद दाखवा. तो हिशोब द्यायला तयार झाला, तर कोणत्या व्यापाऱ्याचे किती, कोणत्या तारखेला मिळाले आणि कुठे गेले, हे त्याच्याच हाताने ओळीने लिहून घ्या आणि दोन्ही व्यापाऱ्यांची खाती त्यानुसार दुरुस्त करून, नवा उतारा त्यांना तुमच्या सहीने पाठवा.